तीन महिने, आणखी तीन महिने आणि मधला खुलासा

पश्चिम बंगालमधल्या एका राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या प्राध्यापिकेने कुलगुरूंविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली. शेवटचा प्रकार घडला होता एप्रिल २०२३ मध्ये आणि तक्रार स्थानिक समितीकडे गेली २६ डिसेंबर २०२३ रोजी. समितीने ती मुदतबाह्य म्हणून फेटाळली. उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी समितीचा निर्णय रद्द केला, खंडपीठाने तो पुन्हा कायम केला आणि १२ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही खंडपीठाच्याच बाजूने कौल दिला. तक्रार उशिरा आली, म्हणून तिची चौकशी होणार नाही. मात्र आरोपांचा उल्लेख असलेलं हे निकालपत्र कुलगुरूंच्या बायोडाटाचा भाग राहील, असाही आदेश न्यायालयाने दिला. आरोप खरे की खोटे, यावर कुणीच निर्णय दिला नाही. सगळा वाद तारखांचा होता.

कायद्याच्या प्राध्यापिकेची ही गत, तर कारखान्यातल्या, दवाखान्यातल्या, दुकानातल्या बाईचं काय होत असेल? ती तक्रार करायला उठते तोवर बहुतेक वेळा काही महिने उलटलेले असतात. हे नेहमीचंच आहे आणि कायद्यालाही ते माहीत आहे. म्हणून मुदतीच्या कलमातच उशिरासाठी एक दार ठेवलेलं आहे. ते दार तक्रार अर्जातल्या एका परिच्छेदाने उघडतं आणि नेमका तोच परिच्छेद बहुतेक अर्जांत नसतो.

आधी मुदत समजून घेऊ. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा कायदा २०१३ चा. सगळे त्याला पॉश म्हणतात आणि त्यातल्या समितीला आपल्याकडे अजूनही जुन्या सवयीने विशाखा समिती. या कायद्याच्या कलम ९ नुसार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते. प्रकार एकापेक्षा जास्त वेळा घडले असतील, तर तीन महिने शेवटच्या प्रकारापासून मोजायचे. या तीन महिन्यांत तक्रार देणं शक्यच नव्हतं अशी परिस्थिती होती, हे समितीला पटलं, तर ती आणखी जास्तीत जास्त तीन महिने देऊ शकते. मात्र त्याची कारणं तिने लेखी नोंदवायला हवीत. त्यापुढे समितीच्या हातात काही उरत नाही. सहा महिन्यांनंतर समितीला कितीही सहानुभूती वाटली तरी कलम तिला अधिकार देत नाही. विधी विद्यापीठाच्या प्रकरणात एप्रिलपासूनचे तीन महिने जुलैत संपले, वाढीव तीन ऑक्टोबरमध्ये. तक्रार आली डिसेंबरअखेर.

त्या प्राध्यापिकेचं म्हणणं असं होतं, की एप्रिलनंतरही छळ थांबला नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांना एका केंद्राच्या संचालकपदावरून काढण्यात आलं. तो त्याच छळाचा पुढचा भाग होता, म्हणून मुदत ऑगस्टपासून धरावी. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. ते निर्णय प्रशासकीय होते, कार्यकारी परिषदेसारख्या मंडळाने एकत्रितपणे घेतलेले होते आणि एप्रिलमधल्या मागणीशी त्यांचा थेट धागा दिसत नव्हता, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

याचा अर्थ नंतरचा सूड कधीच धरला जात नाही, असा नव्हे. कायद्याचं कलम ३ लैंगिक मागणीशी जोडलेली नोकरीची धमकी, कामात अडथळा आणणं, वातावरण असह्य करणं यांनाही छळ मानतं. ‘नाही’ म्हटल्यावर त्याच साहेबाने स्वतःच्या सहीने रात्रपाळी लावली आणि ‘आता कळेल’ असा मेसेजही पाठवला, तर ती रात्रपाळी शेवटचा प्रकार म्हणून मांडता येते. पण धागा जुळवायचं काम तक्रारदाराचंच असतं. निर्णय कुणी घेतला, कुठल्या तारखेला, त्याआधी काय बोलणं झालं होतं, हे अर्जातच यायला हवं. बढती अडली, बदली झाली, गोपनीय अहवाल खराब आला, एवढंच लिहून मुदत आपोआप पुढे सरकत नाही. माझं मत विचाराल, तर एवढ्या एकाच आधारावर विसंबून राहू नये. शेवटचा निर्विवाद प्रकार कुठला ते ठरवावं, मुदत त्यापासून मोजावी आणि नंतरची सूडाची कृती जादा मुद्दा म्हणून जोडावी.

मोजणी अवघड नाही. घटनेचा दिवस सोडायचा आणि इंग्रजी कॅलेंडरचे महिने मोजायचे. ९ जानेवारीचा प्रकार असेल तर ९ एप्रिलपर्यंत तक्रार वेळेत आहे आणि वाढीव मुदत ९ जुलैला संपते. शेवटच्या दिवशी सुट्टी आली तर काय, असल्या बारीकसारीक प्रश्नांत शिरण्यापेक्षा आदल्या आठवड्यात पोच घेऊन ठेवावी.

आता एक काल्पनिक प्रकरण घेऊ. नाशिकच्या सातपूरमधला एक कारखाना. तिथल्या तपासणी विभागात एक तरुणी प्रोबेशनवर लागली आहे. विभागाचा मॅनेजर नोव्हेंबर २०२४ पासून रात्री-अपरात्री मेसेज पाठवतो, डिसेंबरमध्ये प्रयोगशाळेत अंगाला हात लावतो आणि ९ जानेवारी २०२५ रोजी पुण्याच्या ऑडिटला सोबत मुक्कामी येण्याबद्दल विचारून म्हणतो, ‘कन्फर्मेशनचा कागद माझ्याच टेबलावरून जातो.’ त्यानंतर तसा प्रकार घडत नाही. ती तक्रार देते २ जूनला. म्हणजे ९ एप्रिलची मुदत उलटून ५४ दिवस झालेले आहेत, पण ९ जुलै अजून लांब आहे. तिच्या तक्रारीचं भवितव्य आता समितीला उशिराचं कारण पटतं की नाही यावर आहे.

असा अर्ज लिहिताना बहुतेकजणी काय लिहितात? ‘मानसिक धक्क्यामुळे व बदनामीच्या भीतीने तक्रार देण्यास विलंब झाला, तरी क्षमस्व.’ वाक्य खरं असेलही. पण समितीला आदेशात कारणं लिहायची आहेत आणि या वाक्यातून तिच्या हाती काहीच लागत नाही. भीती कसली, कधीपर्यंत, आणि मग २ जूनला ती कशी गेली? जाबदाराचा वकील हेच तीन प्रश्न विचारणार. शिवाय ‘क्षमस्व’ कशाला? उशिरा येणं हा तक्रारदाराचा गुन्हा नाही.

हाच खुलासा आता असा लिहून पाहू:

‘शेवटचा प्रकार ९ जानेवारी २०२५ रोजी घडला. त्या वेळी मी प्रोबेशनवर होते आणि ३१ मार्चपर्यंत माझ्या कन्फर्मेशनची शिफारस जाबदारांच्याच हातात होती. नेमणूक पत्राची प्रत जोडली आहे. त्यांनी ९ जानेवारीला त्याच कागदाचा उल्लेख करून मला धमकावले होते. २० जानेवारी रोजी मी एचआर विभागातील अधिकाऱ्यांना तोंडी सांगितले. “कन्फर्मेशन होऊ द्या, मग बघू,” असे त्या म्हणाल्या. त्याच संध्याकाळी मी हे माझ्या बहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवले. त्याची प्रत जोडली आहे. मला कन्फर्मेशनचे पत्र शुक्रवार, ४ एप्रिल रोजी मिळाले. सोमवार, ७ एप्रिल रोजी कामावर येताना गेटवर मला चक्कर आली व मी डॉक्टरांकडे गेले. त्यांच्या सल्ल्यावरून १२ मेपर्यंत आजारपणाच्या रजेवर होते. प्रमाणपत्र जोडले आहे. १३ मे रोजी रुजू झाले. अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावे कारखान्यात कुठेही लावलेली नसल्याने १४ मे रोजी ईमेलने विचारणा केली. उत्तर २६ मे रोजी आले. दोन्ही ईमेल जोडले आहेत. त्यानंतर कागद जमवून मी आज, २ जून रोजी ही तक्रार देत आहे. वरील परिस्थितीमुळे मला ९ एप्रिलपूर्वी तक्रार देता आली नाही. तरी कलम ९ नुसार मुदत वाढवून, त्याची कारणे नोंदवून, माझी तक्रार दाखल करून घ्यावी.’

या परिच्छेदात भाषेची करामत काही नाही. ९ जानेवारी ते २ जून या काळातला एकही मोठा तुकडा त्याने बेवारस सोडलेला नाही, हे त्याचं बळ. जानेवारी ते मार्च प्रोबेशन, मग आजारपण, मग समितीचा पत्ता न लागणं. प्रत्येक अडचण कधी सुरू झाली आणि कधी संपली ते तारखेने कळतं आणि प्रत्येकीला एक कागद टेकू देतो. पुष्कळ अर्ज इथेच लंगडे पडतात. नोकरी जाण्याची भीती व्यवस्थित मांडलेली असते, पण भीती संपल्यावर पुढचे दोन महिने काय केलं याचा पत्ता नसतो. समिती पहिल्यांदा बघते ते त्या रिकाम्या जागेकडे.

यातला शेवटून दुसरा मुद्दा कंपनीलाही अडचणीत आणणारा आहे. समितीच्या नेमणुकीचा आदेश सगळ्यांना दिसेल अशा जागी लावणं हे कलम १९ नुसार मालकाचं कर्तव्य आहे. तो लावलेलाच नसेल, तर समिती कुठे आहे हे शोधण्यात गेलेला वेळ बाईच्या माथी मारणं समितीला जड जातं. म्हणून सूचनाफलकाचा फोटो तारखेसह काढून ठेवावा.

एचआरशी झालेलं बोलणं मात्र नीट समजून घ्यायला हवं. एचआरला सांगितलं म्हणजे तक्रार झाली, असं पुष्कळजणींना वाटतं आणि इथेच सर्वाधिक घोटाळा होतो. तोंडी सांगण्याने मुदतीचं घड्याळ थांबत नाही. तक्रार लेखी हवी आणि ती समितीकडे हवी. ज्या बाईला लिहिता येत नाही, तिला समितीच्या अध्यक्षा किंवा सदस्याने लिहून घेण्यासाठी मदत करायची असते, तसं कलमातच आहे. पण एचआरच्या टेबलावरचं ‘बघू’ त्यात बसत नाही. ते उशिराच्या खुलाशात पुरावा म्हणून उपयोगी पडतं, तक्रार म्हणून नाही. म्हणून असं बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल टाकावा: ‘आज आपल्याशी या विषयावर बोलले, समितीकडे तक्रार कशी द्यायची ते कळवावे.’

दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर अंतर्गत समिती नसतेच. जिल्ह्याची स्थानिक समिती असते. घरकामगार बायकांसाठीही तीच. चुकीच्या कार्यालयात अर्ज देऊन तो तिथून फिरत योग्य ठिकाणी पोचेपर्यंत महिना सहज जातो. तसं झालं असेल, तर पहिल्या अर्जाची पोचसुद्धा खुलाशाला जोडावी.

आता थोडी सावधगिरी. नियमाप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती, जोडकागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते द्यायचे असतात. त्यातली एक प्रत समिती कामकाजाच्या सात दिवसांत जाबदाराला पाठवते. म्हणजे उशिराच्या खुलाशात जे लिहाल, ते तोही वाचणार आहे. गोपनीयतेचं कलम बाहेर प्रसिद्धी होऊ देत नाही, पण समोरच्यापासून ते काही लपवत नाही. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाच्या फाइलची पानंच्या पानं जोडू नयेत. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत उपचार सुरू होते आणि त्या काळात अशा कामाला सामोरं जाणं कठीण होतं, एवढं सांगणारं डॉक्टरांचं पत्र पुरे. घरातली भांडणं, नवऱ्याचा संशय, सासरचा दबाव ही कारणं खरी असतात आणि लिहायलाही हरकत नसते, पण एका वाक्यात आणि तारखेसह.

दुसरी गोष्ट, तारखा ओढूनताणून बसवू नयेत. मुदतीत यावं म्हणून फेब्रुवारीतला एखादा किरकोळ ‘गुड मॉर्निंग’ शेवटचा प्रकार ठरवला, तर मेसेजच्या वेळा आणि हजेरीपत्रक समोर येतात आणि मग खऱ्या प्रकारांवरचाही विश्वास उडतो. पुरावा कमी पडला म्हणून तक्रारदारावर कारवाई होत नाही, हे कलम १४ स्पष्ट सांगतं. पण खोटं आहे हे माहीत असून दिलेला मजकूर किंवा बनावट कागद ही वेगळी गोष्ट आहे. तारीख नक्की आठवत नसेल तर ‘डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, वार्षिक ऑडिट चालू असताना’ असं लिहावं. ते प्रामाणिकही आहे आणि तपासताही येतं.

इथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. मुदत हा एक प्रश्न आणि विश्वासार्हता हा दुसरा. उशीर झाला म्हणजे बाई खोटं बोलते, हे न्यायालयांनी केव्हाच बाजूला ठेवलं आहे. १९९६ मध्ये पंजाबातल्या गुरमीत सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की लैंगिक गुन्ह्याची फिर्याद द्यायला घरच्यांना इभ्रतीच्या विचाराने वेळ लागतो आणि तेवढ्यावरून फिर्यादीवर संशय घेऊ नये. एम. जे. अकबर यांनी पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर लावलेल्या बदनामीच्या खटल्यात २०२१ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने रमाणींना निर्दोष सोडलं आणि अनेक दशकांनंतरही बाईला आपली व्यथा मांडण्याचा हक्क आहे, असं म्हटलं. ही वाक्यं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, पॉशलाही मुदत नाही. तसं नाही. तो खटला बदनामीचा होता. समितीची मुदत विश्वासाने वाढत नाही, कारणाने वाढते आणि तीही एकदाच.

समितीची सहा महिन्यांची मुदत उलटली असेल, तर पोलिसांची वाट उरते. तिची मोजणी वेगळी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ लैंगिक छळाचं आहे. नुसत्या अश्लील शेरेबाजीला त्यात एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. नको असलेला स्पर्श, शरीरसंबंधाची मागणी, इच्छेविरुद्ध अश्लील चित्रं दाखवणं यांना तीन वर्षांपर्यंत. शिक्षा जेवढी, त्यावर न्यायालयाने दखल घेण्याची मुदत ठरते. पहिल्यासाठी एक वर्ष, दुसऱ्यासाठी तीन वर्षं. विनयभंगासाठी बळाचा वापर केला असेल तर कलम ७४ लागतं, त्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते आणि त्याला अशी मुदतच नाही. मुदत उलटली तरी उशिराचं कारण पटलं किंवा न्यायासाठी गरज वाटली तर न्यायालय दखल घेऊ शकतं. म्हणजे सातपूरच्या त्या मुलीने ९ जुलैही चुकवली असती, तरी डिसेंबरमधल्या स्पर्शासाठी पोलीस ठाण्याचा रस्ता तिला खुला राहिला असता. मात्र तिथेही पहिला प्रश्न उशिराचाच येतो आणि उत्तर लिहिण्याची रीत तीच. पोलिसांत जाणं वेगळ्या प्रकारचं आणि लांबचं प्रकरण आहे; मुदतीत असताना समिती सोडून थेट तिकडे जावं, असं मी म्हणणार नाही. दोन्ही एकाच वेळी करता येतं.

तीन महिने अपुरे आहेत, असं मला वाटतं. ज्या कामगारणीचं प्रोबेशनच सहा महिन्यांचं असतं, तिला तीन महिन्यांत साहेबाविरुद्ध लिहायला सांगणं म्हणजे तिच्या नोकरीची किंमत तिनेच मोजावी असं म्हणणं आहे. मुदत एक वर्ष करावी, असं सुचवणारं खासगी विधेयक राज्यसभेत आलेलं आहे. तरतूद अजून बदललेली नाही.

शेवटी, अंतर्गत समित्यांवर असलेल्या वाचकांना एक विनंती. एखादी तक्रार उशिरा आली आणि तिच्यात खुलासा नसेल, तर ‘मुदतबाह्य’ असा शिक्का मारून ती परत पाठवू नका. उशिराचं कारण तारखांसह द्यावं असं लेखी कळवा, त्यासाठी थोडे दिवस द्या आणि उत्तर आल्यावर हो किंवा नाही जे ठरेल, ते कारणांसह आदेशात लिहा. मुदत वाढवली तर पुढे जाबदार हाच आदेश घेऊन न्यायालयात जाईल, तेव्हा तिथे तुमची लिहिलेली कारणंच वाचली जातील.